सुटता सुटेना अशी अंगठी

बिल्बो बॅगिन्सने आपल्या 111व्या वाढदिवसाला एवढा थाट का केला, हे शायरमधल्या हॉबिटांना कधीच कळले नाही. फटाके झाले, जेवणावळ झाली, निवडक 144 पाहुण्यांसाठी वेगळा मांडव पडला. मग भाषण करता करता यजमान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. लोकांनी त्याला थट्टा म्हटले, काहींनी वेडेपणा. खरे कारण तो घरी आल्यावर गॅन्डाल्फ या आपल्या जुन्या जादूगार मित्राला सांगतो. हॉबिट लोकांत वाढदिवस ज्याचा असतो तो इतरांना भेटी देतो. इतक्या सगळ्यांना इतके काही देता देता, त्याच ओघात एक वस्तू आपल्या हातून सुटावी, सोडणे थोडे सोपे जावे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. ती वस्तू म्हणजे साठ वर्षे त्याच्या खिशात असलेली सोन्याची साधी अंगठी.

जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड 1954 साली आला, त्यातल्या पहिल्याच प्रकरणातला हा प्रसंग. शापित वस्तूंच्या गोष्टी त्याआधीही पुष्कळ होत्या आणि नंतर तर त्यांचे पेवच फुटले. माणसाला गिळून टाकणारी तलवार, डोक्यावरून न उतरणारा मुकुट, बोटातून न निघणारी अंगठी. त्यातल्या बहुतेक वस्तूंचा शाप बाहेरून येऊन कोसळतो. वस्तू हाती आली की अपघात होतात, माणसे मरतात, घराणी बुडतात. टॉल्किनच्या अंगठीचे तसे नाही. ती बाळगणाऱ्या बिल्बोच्या आयुष्यात वर्षानुवर्षे काहीच वाईट घडत नाही. तो सुखात जगतो, पाहुणचार करतो, नकाशे काढतो, कविता रचतो. अंगठीने काय केले आहे, हे ती सोडायची वेळ येते तेव्हाच दिसते. म्हणून त्या रात्रीचा बिल्बोच्या घरातला प्रसंग मला या सबंध प्रकारच्या साहित्यातला फार मोलाचा वाटतो. भुते नाहीत, रक्तपात नाही. एक म्हातारा हॉबिट आहे आणि त्याला एक पाकीट घड्याळाशेजारी ठेवायचे आहे.

टॉल्किनने हा प्रसंग कसा रचला आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. बिल्बो प्रवासाचे कपडे चढवतो, जुनी तलवार कमरेला लावतो, अंगठी तिच्या बारीक साखळीसकट पाकिटात घालतो, पाकीट बंद करून त्यावर आपल्या वारसाचे, फ्रोडोचे, नाव लिहितो आणि ते शेकोटीवरच्या फळीवर ठेवतो. लगेच उचलून खिशात टाकतो. तेवढ्यात गॅन्डाल्फ आत येतो आणि अंगठीचे काय केलेस म्हणून विचारतो. बिल्बो सांगतो, ठेवली ना, तिथे फळीवर. मग त्याच्या ध्यानात येते की ती खिशातच आहे. याचे त्याला स्वतःलाच नवल वाटते. पण त्या नवलातून लगेच दुसरा विचार उगवतो: राहिली खिशात तर काय बिघडले?

इथे लेखकाने काय साधले आहे पाहा. बिल्बो खोटे बोलत नाही. पाकीट फळीवर आहे असे त्याला खरोखरच वाटते. हाताने एक केले आणि मनाला त्याचा पत्ता नाही. उघडकीला आल्यावर मन लाजत नाही, ते हाताच्या बाजूने वकिली करायला लागते. सोडणे न सोडणे हा निर्णय आधी कुठेतरी खाली झालेला आहे आणि कारणे मागाहून शोधली जात आहेत. अंगठीची सगळी कार्यपद्धती या चार ओळींत आली आहे.

पुढची पायरी रागाची. मी तिला सोडू का? मला सापडली, माझ्याकडे आली, माझी आहे. असे बोलता बोलता बिल्बो तिला ज्या लाडाच्या नावाने हाक मारतो ते ऐकून गॅन्डाल्फ सावध होतो. ते नाव तिला पूर्वीही कुणीतरी दिले होते, बिल्बोने मात्र कधीच नाही. डोंगराच्या पोटातल्या अंधारात राहणाऱ्या गॉलमच्या तोंडचे ते नाव आहे. वस्तू तर हातोहात आलीच, तिच्याशी बोलायची रीतही तिच्याबरोबर आली. मग गॅन्डाल्फलाच ती हवी आहे असा आरोप होतो आणि बिल्बोचा हात तलवारीच्या मुठीकडे जातो. इतक्या वर्षांचा मित्र एका क्षणात चोर ठरतो.

गॅन्डाल्फ दरडावतो तेव्हा बिल्बो भानावर येतो आणि जे बोलतो ते फार खरे वाटते. अंगठी म्हणजे आपल्याकडे रोखून पाहणारा डोळा आहे असे त्याला अधूनमधून वाटू लागले होते. ती सारखी बोटात घालावीशी वाटे. नाहीतर ती नीट आहे ना म्हणून खिशातून काढून पाहावीशी वाटे. कुलपात ठेवून पाहिली, तर ती खिशात नसली की चैन पडेना. आपले आयुष्य ताणले गेले आहे, विरळ झाले आहे, ही तक्रारही त्याने आधी केलेली असते. वय दिसत नाही म्हणून सारे गाव त्याचा हेवा करते. आतून त्याला जाणवत असते की आयुष्याची लांबी वाढली, पण आयुष्य काही वाढले नाही.

आता सगळे ठरले. बिल्बो पिशवी उचलतो आणि दाराकडे निघतो. गॅन्डाल्फ आठवण करून देतो की पाकीट अजून खिशातच आहे! मग तूच घे आणि फ्रोडोला दे, असे बिल्बो म्हणतो. गॅन्डाल्फ घेत नाही, फळीवर ठेवायला सांगतो. बिल्बो पाकीट काढतो, घड्याळाशेजारी ठेवणार तोच हात झटक्यासरशी मागे येतो आणि पाकीट जमिनीवर पडते. तो वाकायच्या आत गॅन्डाल्फ ते उचलून जागेवर ठेवतो. हॉबिटच्या चेहऱ्यावर रागाची एक लहर येऊन जाते आणि दुसऱ्याच क्षणी तो सुटल्यासारखा हसतो.

2001 साली पीटर जॅक्सनने केलेल्या चित्रपटात बिल्बो तळहात तिरपा करतो, अंगठी घरंगळते आणि थडकन फरशीवर पडते. तो आवाज ज्याने ऐकला तो विसरणार नाही. पण पडद्यावरचा बिल्बो अंगठी स्वतः सोडतो. पुस्तकातल्या बिल्बोच्या हातून ती पडते आणि तिला पुन्हा हात लागण्याआधी मित्र मध्ये येतो. हा फरक लहान वाटतो, पण पुस्तकाचे सगळे म्हणणे त्यात आहे. सोडायची इच्छा बिल्बोची आहे, त्यासाठी एवढी मेजवानी घातली तीही त्याचीच. शेवटचे चार बोटांचे अंतर मात्र त्याला एकट्याला कापता येत नाही.

बिल्बो अंगठीबद्दल पूर्वी एकदा खोटे बोलला होता, आणि त्या खोट्यामागे खुद्द लेखकाच्या अडचणीचा एक विलक्षण इतिहास आहे. 1937 साली ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले तेव्हा ही अंगठी म्हणजे अदृश्य होण्याची एक सोयीची जादू होती, बाकी काही नाही. त्या आवृत्तीत गॉलम कोड्यांची पैज लावतो आणि बिल्बो जिंकला तर एक भेट द्यायचे कबूल करतो. ती भेट म्हणजे अंगठी. बिल्बो जिंकतो, गॉलम अंगठी शोधायला जातो, तर ती आधीच हरवलेली आणि बिल्बोच्याच खिशात असते. गॉलम मनापासून माफी मागतो आणि भेटीच्या बदली त्याला बाहेरची वाट दाखवतो.

पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना हीच अंगठी दुष्ट शक्तींचा स्वामी साउरॉन याने घडवलेली मुख्य अंगठी ठरली, आणि जुने प्रकरण बसेना. जिच्यासाठी गॉलमने खून केला, जिच्यावाचून त्याला श्वास घेता येत नाही, ती तो पैजेवर भेट म्हणून कशी देईल? टॉल्किनने ते प्रकरण नव्याने लिहिले आणि 1951 च्या आवृत्तीत ते आले. आता अंगठी भेट म्हणून देण्याचे नावही नाही. हरला तर वाट दाखवायची एवढीच गॉलमची कबुली, आणि अंगठी गेली हे कळल्यावर अंधारात त्याचा आक्रोश. पण मग 1937 ची छापील गोष्ट कुठे गेली? टॉल्किनने ती पुसली नाही. तो म्हणाला, ती बिल्बोने आपल्या सोबतच्या बटूंना सांगितलेली आणि आपल्या वहीत लिहून ठेवलेली थाप होती.

आवृत्त्यांमधली एक गैरसोय त्याने कथेतला पुरावा करून टाकली. सरळ, प्रामाणिक, उगाच खोटे न बोलणारा हॉबिट. अंगठी मिळून थोडाच काळ झाला आहे आणि तिच्यावरचा आपला हक्क पक्का करण्यासाठी तो कहाणी बदलतो. गॅन्डाल्फला संशय येतो तो इथेच. कारण गॉलमही ती वाढदिवसाची भेट असल्याचे सांगत असे. दोघे एकमेकांना नीट ओळखतही नाहीत, तरी दोघांची थाप एकाच वळणाची. दोघांनाही वस्तू नुसती हवी नाही, ती रीतसर आपली असायला हवी आहे. ज्याला चोरी मान्य असते तो हक्काची कागदपत्रे रचत नाही. अंगठीचा पहिला घाव सचोटीवर पडतो, आणि तोही सचोटी शाबूत आहे असे भासवून.

मेजवानीच्या रात्रीकडे आता पुन्हा पाहिले की तिची रचना मनात भरते. गॉलमने वाढदिवसाची भेट म्हणून अंगठी मागितली आणि ती न देणाऱ्या मित्राचा गळा आवळला. बिल्बोने ती भेट मिळाल्याची थाप मारली. त्याच अंगठीला अखेर खरोखर वाढदिवसाची भेट व्हायचे भाग्य मिळते ते बिल्बो ती फ्रोडोला देतो तेव्हा. दोन खोट्या भेटींनंतरची ही खरी भेट आहे. आपल्या इच्छेने ती सोडणारा तो पहिलाच, असे गॅन्डाल्फ पुढे सांगतो, ते या पार्श्वभूमीवर वाचायचे.

अदृश्य करणारी अंगठी साहित्याला नवी नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. मेंढपाळाला अंगठी सापडते, आपण कुणाला दिसत नाही हे त्याला कळते आणि तो राणीला वश करून, राजाला मारून राज्य बळकावतो. प्लेटोचा प्रश्न असा की पकडले जायची भीती नसेल तर माणूस न्यायाने वागेल का? टॉल्किनने त्यात काळ मिसळला. पहिल्या दिवशी काय कराल हा त्याचा प्रश्न नाही. साठ वर्षांनी तुम्ही कोण असाल, हा आहे.

गॉलमकडे ती पाचशेच्या आसपास वर्षे होती. तो मूळचा स्मीगल, नदीकाठी राहणाऱ्या हॉबिटांसारख्याच लोकांतला. मित्र डीगलला नदीच्या तळाशी अंगठी सापडली आणि ती पाहिल्याबरोबर स्मीगलने त्याचा खून केला. मग तो काय करतो? राज्य बळकावत नाही. लोकांच्या कानगोष्टी ऐकतो, चोऱ्या करतो, नातेवाइकांच्या पायांना चावतो. घरचे त्याला हाकलून देतात. उन्हाचा त्रास होतो म्हणून तो डोंगराच्या मुळाशी शिरतो. तिथे मोठी रहस्ये असतील असे त्याला वाटले होते. तिथे काहीच नव्हते. नुसते खाणे आणि जुने सल उगाळणे. ज्याच्या मनाची जेवढी ऐपत, तेवढेच सामर्थ्य अंगठी देते, आणि स्मीगलची ऐपत चहाडीची होती. शेवटी तो तिचा द्वेष करतो आणि तिच्यावर प्रेमही करतो, स्वतःवर करतो तसेच.

मग बिल्बो साठ वर्षांनंतरही पुष्कळसा बिल्बो कसा राहिला? एक कारण मुदत कमी, हे आहेच. पण कादंबरी त्याहून महत्त्वाचे कारण देते. गॉलमच्या ताब्याची सुरुवात खुनाने झाली, बिल्बोची दयेने. भुयारात अंगठी बोटात घालून अदृश्य झालेल्या बिल्बोच्या समोर गॉलम वाट अडवून बसला होता, हातात तलवार होती, आणि बिल्बोने त्याला मारले नाही. त्याला एकदम त्या प्राण्याचे एकटेपण दिसले आणि तो त्याच्यावरून उडी मारून गेला. अंगठी पोखरायला लागते ती त्या माणसातल्या आधीच्या भेगेपासून. बिल्बोत तेव्हा तशी भेग फारशी नव्हती.

इथवर वाचून असे वाटेल की चांगल्या माणसाला ही अंगठी बाधत नसावी. टॉल्किन हा दिलासा देत नाही, आणि म्हणूनच मला तो या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक लेखक वाटतो. फ्रोडो गॅन्डाल्फला अंगठी देऊ करतो तेव्हा तो घाबरून नकार देतो. त्याला सत्तेची हाव आहे म्हणून नाही. त्याच्या मनात शिरायची तिची वाट दयेतून जाते, हे त्याला ठाऊक आहे. दुबळ्यांचे भले करण्यासाठी बळ हवे, या इच्छेतून तो अंगठी घेईल आणि तिथेच अडकेल. टॉल्किनने पुढे एका पत्रात लिहिले आहे की अंगठी घेतलेला गॅन्डाल्फ साउरॉनपेक्षाही वाईट ठरला असता, कारण तो आपल्याच चांगुलपणाच्या खात्रीने राज्य करत राहिला असता.

अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोचा सोबती बोरोमिर, त्याचेही तेच. त्याचे शहर शत्रूच्या तोंडाशी आहे, त्याचे लोक रोज मरत आहेत. असे हत्यार हाती असताना ते नष्ट करायला शत्रूच्याच घरात पाठवायचे, हा त्याला शुद्ध मूर्खपणा वाटतो. त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे. फ्रोडोपुढे तो मन वळवण्यापासून सुरुवात करतो, मग स्वतःच्या विजयाची चित्रे रंगवायला लागतो, मग ओरडतो आणि अंगावर धावून जातो. संभाषणात कुठे वळण आले ते बोट ठेवून दाखवता येते: लोकांना वाचवायचे आहे, इथून त्याची वाक्ये आपल्या झेंड्याखाली सगळे जमतील, इकडे सरकतात. अंगठीला त्याने कधी हातही लावलेला नाही. ती जवळपास आहे एवढेच पुरते.

आणि सॅम. फ्रोडोचा माळी, सोबती. फ्रोडो मेला असे समजून तो थोडा काळ अंगठी जवळ बाळगतो, तर साउरॉनच्या मॉर्डोर देशाच्या वेशीवर त्याला दृश्य दिसते. तो या युगाचा महान वीर आहे, हातात पेटती तलवार आहे, मागे सैन्य आहे, आणि त्याच्या आज्ञेने ते सगळे राखेचे पठार फुलाफळांची बाग झाले आहे. अंगठीने माळ्यासाठी बागेचे आमिष मांडले! टॉल्किनची ही सर्वांत सूक्ष्म कल्पना आहे असे मी म्हणेन. आमिष तिच्यापाशी नसतेच. ज्याचे त्याने आणलेले असते, ती फक्त ते प्रमाणाबाहेर फुगवते. सॅम वाचतो तो मालकावरच्या प्रेमाने आणि हॉबिटाच्या साध्या शहाणपणाने. आपल्याला एका माळ्याच्या हाताला पुरेल एवढीच बाग हवी, दुसऱ्यांचे हात राबवून फुलवलेले राज्य नको, हे त्याला कळते. हवेपणाचे माप ज्याला ठाऊक आहे त्याला ती लवकर फुगवू शकत नाही.

तलवारीचा शाप याहून वेगळा चालतो. टॉल्किनच्याच ‘द सिल्मरिलियन’मध्ये आकाशातून पडलेल्या लोखंडाची काळी तलवार आहे. तिच्यात तिच्या लोहाराचे काळे मन अजून आहे आणि ती ज्या हाताची सेवा करील त्याच्यावर माया करणार नाही, असा इशारा मिळूनही बेलेग ती घेतो. कैदेतल्या टूरिनच्या बेड्या तो त्याच तलवारीने तोडत असताना तिचे टोक टूरिनच्या पायाला लागते. टूरिन झोपेतून दचकून उठतो, अंधारात मित्राला शत्रू समजतो आणि त्याच पात्याने त्याला मारतो. शेवटी टूरिनही त्याच तलवारीवर मरतो. तिचा घात क्षणात होतो आणि तो कायमचा असतो. पण टूरिनचा स्वभाव ती बदलत नाही. त्याचा ताठा, घाई, दुःख त्याचे स्वतःचे आहे. तलवार फक्त चुकीच्या क्षणी हातात असते.

मायकेल मूरकॉकने 1961 साली सुरू केलेल्या एलरिकच्या कथांत मात्र तलवार अंगठीच्या वाटेने जाते. एलरिक हा जन्मतः अशक्त, पांढुरक्या कातडीचा सम्राट, औषधांवर जगणारा. स्टॉर्मब्रिंगर ही काळी तलवार ज्यांना मारते त्यांचे प्राण पिते आणि ते बळ त्याला देते. ती त्याच्या प्रेयसीचा जीव घेते, मित्रांचा घेते, आणि तरी तो तिला टाकू शकत नाही, कारण तिच्याशिवाय त्याला उभे राहता येत नाही. अंगठी नसलेली गरज निर्माण करते. स्टॉर्मब्रिंगर असलेली गरज भागवते आणि तिची किंमत वसूल करते. एलरिकला सुरुवातीपासून सगळे कळत असते. ते कळणे त्याच्या उपयोगी पडत नाही.

मुकुटाची गोष्ट आणखी उलटी. ‘सिल्मरिलियन’मधला खलनायक मॉर्गॉथ सिल्मारिल ही पवित्र रत्ने चोरतो आणि लोखंडी मुकुटात जडवतो. रत्नांच्या स्पर्शाने त्याचे हात जळून काळे पडतात, ते कायमचे. मुकुटाचे ओझे त्याला असह्य होते, तरी तो ते उतरवत नाही. इथे वस्तू निर्दोष आहे. शाप धरणाऱ्याच्या मुठीत आहे.

या तिन्हींपासून परत फ्रोडोकडे आले की त्याच्या ऱ्हासाच्या पायऱ्या जास्त स्पष्ट दिसतात. शायरमध्ये गॅन्डाल्फ त्याला अंगठी शेकोटीत फेकायला सांगतो. फ्रोडो ती बाहेर काढतो, हातात तोलतो, जोर लावून फेकायची हालचाल करतो, आणि पाहतो तर ती त्याने परत खिशात घातलेली असते. प्रवास सुरूही झालेला नाही. रिव्हन्डेलला म्हातारा बिल्बो ती एकदा पाहू दे म्हणतो, तेव्हा फ्रोडोला समोर लाडका काका दिसेनासा होतो आणि भुकेल्या चेहऱ्याचा, हाडकुळ्या हातांचा सुरकुतलेला प्राणी दिसतो. त्याला मारावेसे वाटते. बिल्बोला सगळे समजते आणि तो ती दूर ठेवायला सांगतो. बिल्बोचा हात तलवारीच्या मुठीकडे गेला होता, ती मजल गाठायला साठ वर्षे लागली होती. फ्रोडो तिथे सतरा-अठरा वर्षांत पोचतो, कारण अंगठीचा धनी आता जागा झाला आहे.

सर्वांत भयाण पायरी मॉर्डोरच्या पठारावरची आहे, आणि तिथे मोहाचे नावही नाही. सॅम त्याला वाटेत शिजवलेल्या सशाच्या कालवणाची आठवण करून देतो. फ्रोडो म्हणतो की असे घडले हे त्याला माहीत आहे, पण ते डोळ्यांपुढे येत नाही. अन्नाची चव, पाण्याचा स्पर्श, झाड, गवत, चांदणे, सगळे गेले आहे. उघड्या डोळ्यांपुढे आगीचे एक चक्र तेवढे उरले आहे. टॉल्किनने शेवटचा ऱ्हास दुष्टपणाच्या रूपात दाखवला नाही. अंगठी आता फ्रोडोला काही देऊ करत नाही. तिच्याशी तुलना करता येईल असे जे जे होते ते तिने काढून घेतले आहे. ज्याला सशाच्या रश्श्याची चव आठवत नाही त्याला अंगठी का सोडावी, हे कुठल्या तराजूत तोलून ठरवता येईल? सॅमने थोडा वेळ ओझे घेऊ का म्हणताच तो चवताळतो, आणि भानावर आल्यावर शांतपणे सांगतो की आता ती आपल्याला देता येणार नाही, कुणी घ्यायला गेले तर आपण वेडे होऊ. आजार इतका ओळखता येतो आणि तरी काही करता येत नाही.

म्हणून अग्निपर्वताच्या पोटात, जिथे अंगठी टाकायला तो इतके भोगून आला, तिथे उभे राहून फ्रोडो ती टाकायला नकार देतो आणि तिला आपली म्हणून बोटात घालतो. वाचक हादरतो, पण फसवले गेल्यासारखे वाटत नाही, कारण शायरमधल्या शेकोटीपासून हेच होत आले आहे. गॉलम झडप घालतो, बोट चावून तोडतो, अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता तोल जाऊन आगीत पडतो. जॅक्सनच्या चित्रपटमालिकेत फ्रोडो त्याच्याशी झोंबतो आणि त्या झटापटीत दोघेही कड्यावरून कोसळतात. पुस्तकात फ्रोडोचा हात लागत नाही. नायकाला शेवटी काहीतरी करू द्यावे, असे चित्रपटाला वाटणे साहजिक आहे. टॉल्किनने ते होऊ दिले नाही.

काही वाचकांना हे अपयश खटकले. 1963 मध्ये एका वाचक बाईंना लिहिलेल्या पत्रात टॉल्किनने याचे सविस्तर उत्तर दिले. महिनोन्‌महिने वाढत गेलेला छळ, उपासमार आणि थकवा यांनंतर त्या जागी अंगठीचा जो दाब होता तो कुणालाही सोसला नसता. फ्रोडोने स्वतःला पूर्ण खर्ची घालून काम होऊ शकेल अशी परिस्थिती निर्माण केली, इतकेच त्याच्याकडून अपेक्षित होते. त्याचे हरणे हा नैतिक पराभव नाही.

मग जिंकले काय? कथानकाचे धागे पाहिले तर उत्तर सापडते. त्या कड्यावर गॉलम हजर होता, कारण पूर्वी कधीतरी बिल्बोने त्याला मारले नाही, वाटेत फ्रोडोने मारले नाही आणि डोंगराच्या उतारावर, मारायची सगळी कारणे असूनही, सॅमनेही मारले नाही. बिल्बोचे पाकीट जमिनीवर पडले तेव्हा गॅन्डाल्फ होता. फ्रोडोचे पाकीट पडलेच नाही, तर तिथे त्याने पूर्वी केलेली दया होती. अंगठीची सगळी भिस्त या समजावर असते की धरलेले सोडायचे झाले तर ते एकट्याने, आपल्या मनोबळावर सोडायचे. टॉल्किन तो समज दोनदा मोडतो. शेवटच्या क्षणी मनोबळ कुणाचेच पुरत नाही. त्या क्षणापर्यंत आपण किती जणांना जिवंत सोडले आणि कुणाला जवळ येऊ दिले, यावर सुटका ठरते.

आणि सुटका झाली तरी फ्रोडो बरा होत नाही. घरी परतल्यावर तो ठरावीक तारखांना आजारी पडतो. अंगठी कायमची गेली आणि आता सगळे अंधारलेले, रिकामे आहे, असे तो एका दुखण्यात बोलून जातो. बिल्बोही म्हातारपणाच्या गुंगीत माझी अंगठी कुठे आहे म्हणून विचारतो. पुष्कळ कल्पनाकथांत शापित वस्तू नष्ट झाली की शाप उतरतो आणि सगळे पूर्ववत होते. टॉल्किनला ते मान्य नव्हते. मनाचा जो भाग एखाद्या वस्तूभोवती वर्षानुवर्षे वाढला, तो ती वस्तू जळाल्याने आपोआप जुन्या जागी येत नाही. फ्रोडोला अंगठीची हाव उरलेली नाही, तरी तिची उणीव उरली आहे, आणि ती घेऊनच तो समुद्रापार जातो. शापित वस्तूंच्या साहित्याला टॉल्किनने दिलेली ही सर्वांत कठीण आणि सर्वांत खरी गोष्ट आहे: भ्रष्ट करणाऱ्या वस्तूला नष्ट करता येते, तिच्याबरोबर घालवलेल्या वर्षांना नाही.